दरवाढीची सूचना: पीव्हीसी पाइपचा भाव का वाढतो आणि किती वाढायला हवा?

जळगाव हे केळीसाठी जसे ओळखले जाते, तसेच पाइप आणि ठिबक सिंचनाच्या साहित्यासाठीही. या क्षेत्रातील मोठी नावे देशभर माहीत आहेत. त्यांच्याबरोबरच पीव्हीसी पाइप तयार करणारे छोटे कारखानेही असतात. त्यांचा माल जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील हार्डवेअरच्या आणि शेती साहित्याच्या दुकानांतून विकला जातो. खरिपाच्या आधी, मार्च ते मे या काळात, विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन टाकण्याचे काम जोरात असते. नेमक्या याच काळात कारखान्याकडून एक पानी पत्र आले, की दुकानदाराची अडचण होते: "कच्च्या मालाच्या किमतीत झालेल्या वाढीमुळे आमच्या दरात वाढ करणे भाग पडत आहे."

हे कारण बहुतेक वेळा खरे असते. मात्र वाढ किती असावी, ती कधीपासून आणि कोणत्या मालाला लागू व्हावी, हे त्या एका वाक्यातून कळत नाही.

कच्चा माल इतका का हलतो?

पाइपचा मुख्य घटक म्हणजे पीव्हीसीची पांढरी पावडर. व्यापारात तिला रेझिन म्हणतात. ती इथिलीन आणि क्लोरीनपासून बनते. इथिलीन खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून मिळते, तर क्लोरीन मिठापासून. भारताला लागणाऱ्या पीव्हीसीपैकी निम्म्याहून अधिक माल आयात होतो. त्यामुळे परदेशातील भाव, जहाजाचे भाडे आणि डॉलरचा दर या तिन्हींचा परिणाम इथल्या भावावर होतो. देशातील मोठे उत्पादकही आपले दर आयात मालाच्या भावाकडे पाहूनच ठरवतात.

२०२१ हे याचे ठळक उदाहरण आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि तिथले पेट्रोरसायन कारखाने बंद पडले. नंतर चीनमध्ये वीजटंचाई झाली आणि कोळशावर आधारित पीव्हीसीचे उत्पादन घटले. जहाजांची भाडीही भडकली होती. भारतात रेझिनचा भाव २०२० च्या मध्याच्या तुलनेत दुपटीच्या आसपास गेला. २०२२ च्या उत्तरार्धात तो वेगाने खालीही आला. छोट्या कारखानदाराकडे काही आठवड्यांपुरताच साठा असतो, त्यामुळे असा चढउतार त्याला फार काळ सोसता येत नाही.

हिशोब कसा करायचा?

समजा, १०० किलो पाइप बनवायला ८५ किलो रेझिन लागते आणि उरलेले १५ किलो म्हणजे खडूची भुकटी (कॅल्शियम कार्बोनेट) व इतर रसायने. रेझिन ९० रुपये किलो असेल, तर रेझिनचा खर्च ७,६५० रुपये. भुकटी व रसायने ८५० रुपये. वीज, मजुरी, वाहतूक आणि व्याज १,९०० रुपये. नफा ६०० रुपये. एकूण ११,००० रुपये, म्हणजे पाइपचा दर ११० रुपये किलो, जीएसटी वगळून. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक कारखान्याचे वेगळे असतील.

आता रेझिन १२ रुपयांनी महागून १०२ रुपये झाले. वाढ सुमारे १३ टक्के. कारखानदाराने "कच्चा माल १३ टक्के वाढला, म्हणून आमचा दरही १३ टक्के" असे म्हटले, तर पाइप जवळपास साडेचौदा रुपयांनी महागेल. पण प्रत्यक्षात वाढलेला खर्च ८५ गुणिले १२, म्हणजे १०० किलोमागे १,०२० रुपये आहे. किलोमागे १० रुपये २० पैसे, म्हणजे सुमारे सव्वानऊ टक्के. मजुरी आणि वीज तर वाढलेलीच नाही. मधले चार रुपये कच्च्या मालाच्या नावावर गेलेले असतात.

म्हणून चांगली सूचना टक्क्यांत न बोलता किलोमागे रुपयांत बोलते. ९० मिलिमीटरचा, ४ किलो दाबाचा, ६ मीटर लांबीचा पाइप साधारण ५ किलो भरतो. त्यावर वाढ सुमारे ५१ रुपये. दुकानदाराला हा आकडा गिऱ्हाइकाला सांगता येतो. त्यावरील १८ टक्के जीएसटी नोंदणीकृत दुकानदाराला वजावटीत मिळतो, पण शेतकऱ्याला तो खिशातूनच द्यावा लागतो.

जुन्या ऑर्डरचे काय?

सर्वाधिक वाद इथे होतात. ऑर्डर दराने स्वीकारली गेली असेल, तर तो करार झाला. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करारातील अट बदलायला दोन्ही बाजूंची संमती लागते. एका बाजूच्या पत्राने दर बदलत नाही. मात्र ऑर्डरवर "माल पाठवण्याच्या दिवशीचा दर लागू" असे आधीच मान्य केलेले असेल, तर नवा दर लागतो. म्हणून दुकानदाराने सूचना वाचण्याआधी आपली ऑर्डर वाचावी.

स्पष्ट सूचना अशी असते:

"स.न.वि.वि. पीव्हीसी रेझिनचा आमचा खरेदी दर १ मार्चच्या तुलनेत किलोमागे १२ रुपयांनी वाढला आहे. आमच्या पाइपमध्ये रेझिनचे प्रमाण ८५ टक्के असल्याने १५ एप्रिलपासून पाइपचा दर किलोमागे १०.२० रुपयांनी (जीएसटी वेगळा) वाढवत आहोत. १४ एप्रिलपर्यंत स्वीकारलेल्या ऑर्डरी ३० एप्रिलपर्यंत जुन्याच दराने पाठवू. रेझिनचा दर किलोमागे ५ रुपयांहून अधिक उतरल्यास त्याच हिशोबाने दर कमी करू."

यातील शेवटचे वाक्य सहसा कोणी लिहीत नाही, पण नियमित ग्राहक टिकतो तो त्यामुळेच. भाव पडत असताना वरच्या दराचा साठा दुकानात अडकला, की तोटा दुकानदाराचा होतो.

सूचना आलीच नाही तर?

बाजारात रेझिन महागले आणि एखाद्याचा दर मात्र जागचा हलला नाही, तर पाइप तपासून पाहावा. खर्च कमी करण्याचे दोन मार्ग असतात. पहिला, पाइपची जाडी कमी करणे. असा पाइप वजनाला हलका भरतो. जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजून पाइपवर छापलेल्या दाबवर्गाशी ताडता येते. दुसरा, खडूची भुकटी वाढवणे. भुकटी रेझिनपेक्षा जड असल्याने असा पाइप त्याच जाडीत उलट जास्त वजन भरतो. वाकवला की पांढरट रेघ उमटते आणि आपटल्यावर तो लवकर तडकतो. त्यामुळे फक्त वजन पाहून फसगत होते. वजन आणि जाडी दोन्ही पाहावी लागतात. असा पाइप जमिनीत पुरल्यावर पंपाच्या दाबाने फुटला, तर खोदाईचा खर्च ५१ रुपयांच्या कितीतरी पट होतो.