पोरं जास्त झाली नाहीत, मरायची कमी झाली

दिवाळीत गावी गेलो होतो. काकांच्या जुन्या वहीवरून घराण्याची वंशावळ नीट लिहून काढायला बसलो. आजीच्या नावाखाली चार रेघा ओढल्या. माझे वडील, दोन काका आणि एक आत्या. आत्या शेजारीच बसली होती, नव्वदीला टेकलेली. कागदाकडे बघून म्हणाली, "चारच कशी रे? आईला अकरा झाली होती." मग तिने बोटं मोजत नावं सांगितली. एक देवीनं गेला, एक तापानं, एक हगवणीनं. दोघांची नावंच नव्हती, कारण बारशाआधीच गेली.

त्याच संध्याकाळी पारावर नेहमीचा विषय निघाला. देशाची लोकसंख्या एवढी का वाढली? उत्तर सगळ्यांना पाठ होतं: लोकं पोरं फार काढायला लागली. मग ही 'लोकं' कोण, यावर ज्याला जे सोयीचं ते बोट दाखवून झालं. माझ्या खिशात आजीची वंशावळ होती आणि ती याच्या बरोबर उलटं सांगत होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हिशोब सोपा ठेवू. हजार माणसांचं एक गाव धरा. वर्षात किती पाळणे हलले तो जन्मदर, किती तिरड्या उठल्या तो मृत्युदर. वजाबाकी केली की गाव किती वाढलं ते कळतं. (येणारे-जाणारे सध्या सोडून द्या.)

1901 ते 1911 या दहा वर्षांत भारतात अशा गावात दरसाल साधारण 49 मुलं जन्मत होती आणि 43 माणसं मरत होती. म्हणजे हजारामागे सहा-सात माणसांची वाढ. या वेगाने गाव दुप्पट व्हायला शंभरेक वर्षं लागली असती. पण तेवढी शांत वर्षं नशिबात नव्हती. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं गावोगाव माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. 1918 मध्ये पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जहाजांतून इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला. त्याची जूनमधली पहिली लाट सौम्य होती, पावसाळ्यानंतरची दुसरी भयंकर. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेलेला, त्यामुळे पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. देशभरात किती गेले यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कमीत कमी अंदाजही सव्वा कोटीच्या आसपास आहे.

जनगणनेत तो घाव स्पष्ट दिसतो. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत 1911 साली सुमारे 2 कोटी 15 लाख माणसं होती. 1921 साली ती सुमारे 2 कोटी साडेआठ लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली तर नाहीच, उलट सहा लाखांहून जास्त घटली. आणि लक्षात घ्या, या दहा वर्षांतही जन्मदर हजारी 48 च्या आसपास होता. पाळणे हलत होतेच, घरं मात्र रिकामी होत होती. तेव्हाचं सरासरी आयुर्मान वीसेक वर्षं निघतं. त्याचा अर्थ माणसं विसाव्या वर्षी मरत होती असा नाही. पहिल्या पाच वर्षांत इतकी मुलं जायची की सरासरीच खाली ओढली जायची.

लोकसंख्या संक्रमणाचा जो सिद्धांत बारावीच्या भूगोलात असतो, त्यातली पहिली अवस्था ती हीच. जन्मही जास्त, मृत्यूही जास्त, म्हणून संख्या जवळपास जागच्या जागी. वॉरन थॉम्प्सन या अमेरिकी अभ्यासकाने 1929 मध्ये देशांची अशी विभागणी मांडली आणि 1945 च्या सुमारास फ्रँक नोटस्टाइन यांनी तिला सिद्धांताचं रूप दिलं. आपल्याकडे 1921 ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात. त्यानंतर एकाही जनगणनेत देशाचा आकडा खाली गेला नाही.

आता दुसरी अवस्था बघा, सगळा घोळ इथेच आहे. 1921 नंतर मृत्युदर उतरायला लागला. 1951 ते 61 या दशकात तो हजारी 23 च्या आसपास होता, पुढच्या दशकात 19. आणि जन्मदर? अजून 41. साठ वर्षांत पाळण्यांचा आकडा 49 वरून फक्त 41 वर आला, तिरड्यांचा मात्र 43 वरून 19 वर. तेच हजाराचं गाव आता दरसाल 22 माणसांनी वाढू लागलं. बायका पूर्वीपेक्षा जास्त बाळंत होत नव्हत्या, उलट थोड्या कमीच. फरक एवढाच की अकरातली चार जगायची तिथे सात-आठ जगू लागली.

हजारी 22 म्हणजे शेकडा 2.2. सत्तरला या आकड्याने भागा, दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते अंदाजे मिळतं. उत्तर बत्तीस. ताळा करून बघा: 1951 च्या जनगणनेत भारतात 36 कोटी 11 लाख माणसं होती, 1981 मध्ये 68 कोटी 33 लाख. तीस वर्षांत जवळजवळ दुप्पट. 1951 साली दर अजून 22 पर्यंत पोहोचलेला नव्हता, पण तरी हिशोब जुळायला फारशी ओढाताण करावी लागत नाही.

मृत्यू कशाने कमी झाले? यात दवाखान्यांचं श्रेय वाटतं तेवढं नाही, निदान सुरुवातीला तरी. रेल्वेने धान्य दुष्काळी भागात पोचू लागलं आणि दुष्काळ कामांची व्यवस्था बसली. 1943 चा बंगालचा दुष्काळ हा भीषण अपवाद, त्यात तीसेक लाख माणसं गेली. पण त्यानंतर तसं पुन्हा झालं नाही. आमच्याकडचा 1972 चा दुष्काळ पावसाच्या हिशोबाने अतिशय वाईट होता. तरीही लोक खडी फोडून, सुकडी खाऊन जगले. जुन्या काळी असा दुष्काळ म्हणजे जनगणनेत खड्डा पडला असता. स्वातंत्र्यानंतर मलेरियाची मोहीम आली. 1953 पासून घराघरांत डीडीटी फवारलं गेलं. आमच्या गावी फवारणीवाले भिंतीवर तारीख लिहून जायचे, ते आकडे मी लहानपणी पुसट झालेले पाहिले आहेत. देवी 1975 मध्ये देशातून गेली. आत्याचा एक भाऊ ज्या रोगाने गेला, तो रोगच उरला नाही.

मग लोकांनी लगेच मुलं कमी का केली नाहीत, असा प्रश्न पारावर हमखास येतो. विचार आजीच्या जागी बसून करा. तिने सात मुलं पुरली. आपल्या सुनेची सगळी जगतील यावर तिचा विश्वास का बसावा? मृत्युदर फवारणीने, लसीने, सरकारी धान्याने खाली येतो, त्याला घरच्यांनी मन बदलायची गरज नसते. जन्मदर खाली यायला मात्र माणसांनी ठरवावं लागतं, आणि आधी पोरं जगतात हे डोळ्यांनी बघावं लागतं. या दोन्हींमध्ये एका पिढीचं तरी अंतर पडतं. त्या अंतरातच लोकसंख्या फुगते.

आपल्याकडे साधन सांगणारा माणूस नव्हता असंही नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये, म्हणजे बरोब्बर त्या महाविभाजक वर्षी, मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यासाठी प्राध्यापकी गेली, पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले झाले. त्यांची गंमत अशी की देशाची लोकसंख्या हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हताच. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क, हा होता. सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम आला 1952 मध्ये, आणि आणीबाणीत त्याचं काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. 1976-77 या एका वर्षात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, कित्येक जबरदस्तीने. त्यानंतर बरीच वर्षं 'कुटुंबनियोजन' हा शब्द काढला तरी माणसं दार लावून घ्यायची. म्हणजे घाई केल्याने उशीरच झाला.

तिसरी अवस्था तरीही आली. जन्मदर 1971 मध्ये 37 होता, 1991 मध्ये साडेएकोणतीस, 2011 मध्ये 22 च्या आत. या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा हेही सांगतो. जुन्या नोंदी अपुऱ्या होत्या. गावचा पाटील बारशाआधी गेलेलं मूल कशाला लिहील? म्हणून जुने दर दोन जनगणनांतल्या वयोगटांवरून मागे मोजत काढलेले आहेत, अंदाजच ते. 1970 च्या सुमारास नमुना नोंदणी पद्धत देशभर बसली. निवडक गावं आणि वॉर्डांत एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो, दर सहा महिन्यांनी दुसरा स्वतंत्रपणे घरोघर जाऊन विचारतो, मग दोन्ही याद्या जुळवतात. जिथे जुळत नाही तिथे पुन्हा चौकशी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईला सरासरी 1.7 मुलं निघाली. देशात 2.0. पिढीच्या जागी पिढी यायला 2.1 लागतात. म्हणजे आपण त्याच्याही खाली आहोत. बिहार अजून 3 च्या आसपास आहे, पण उताराच्याच रस्त्यावर.

"मग लोकसंख्या अजून का वाढतेय?" असं पारावर एका पोराने विचारलं, आणि प्रश्न चांगला होता. कारण 1980-90 च्या दशकात जन्मलेल्या मुलींची संख्या प्रचंड आहे. त्या आज आया आहेत. प्रत्येकीला दोनच झाली तरी पाळण्यांची बेरीज मोठी होते, आणि मरणाच्या वयाला पोचलेली पिढी त्यामानाने लहान. धावत्या एसटीचा ब्रेक दाबला तरी ती काही अंतर पुढे जाते, तसं. ही वाढ कुणाच्या आजच्या जास्त पोरांमुळे नाही, चाळीस वर्षांपूर्वीच्या पाळण्यांमुळे आहे.

सिद्धांताला मर्यादा आहेत. फ्रान्समध्ये जन्मदर इतर युरोपाच्या खूप आधी, कारखाने येण्यापूर्वीच घसरू लागला होता. केरळ श्रीमंत नसताना खाली आला. त्यामुळे पैसा आला की पोरं कमी, इतकं ते सरळ नाही. मुलींची शाळा, लग्नाचं वय आणि पोरं जगण्याची खात्री यांचं वजन जास्त दिसतं.

पण आपले कायदे अजून दुसऱ्या अवस्थेतच बसलेत. 2001 नंतर तिसरं मूल झालं तर आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आमच्या शेजारच्या वाडीतली एक चांगली काम करणारी सदस्य बाई याच पायी घरी बसली. आणि त्याच पंचायतीपुढे सध्या विषय काय आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट. मी पहिलीत होतो तेव्हा वर्गात चाळिसाच्या वर पोरं होती, दाटीवाटीने बसायचो. या वर्षी पहिलीत सहा आहेत, आणि शाळा टिकेल की नाही याची चर्चा चाललीय.

वंशावळीचा कागद मी पुन्हा लिहिला. आता आजीच्या नावाखाली अकरा रेघा आहेत, त्यातल्या दोन बिननावाच्या. आत्याने तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला आणि मग एक चूक काढली. हगवणीनं गेलेला तिसरा नव्हता, चौथा होता.