परिच्छेदांचे सांधे (इतिहासविषयक निबंधातील)

निबंधातील एका परिच्छेदाच्या निष्कर्षातून पुढच्या परिच्छेदाचे विधान निघत असेल, तर त्या दोघांमधला दुवा म्हणजे सांधा. इतिहासाच्या निबंधात तो बहुधा कालक्रमामुळे निखळतो. ‘त्यानंतर’, ‘तसेच’, ‘याशिवाय’ या शब्दांनी परिच्छेद शेजारी बसतात, पण एकाने दुसऱ्याला आधार दिलेला नसतो.

दोष ओळखण्यासाठी प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे समासात एकेका वाक्यात लिहावे आणि लागोपाठच्या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ घालून पाहावे. दोन्ही बसत नसतील आणि परिच्छेदांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर सांधा नाही असे समजावे.

उदाहरणार्थ, 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवरील निबंध घेऊ. समासात अशी वाक्ये येतात : अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसाचे भाव चढले व नंतर कोसळले, सरकारने शेतसारा वाढवला, 12 मे 1875 रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले. पहिल्या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ घालता येत नाही. विद्यार्थी तिथे ‘दुसरीकडे’ लिहून मोकळा होतो. शब्द बदलून ही फट बुजत नाही, कारण पुणे-नगरच्या दंगलग्रस्त भागात कापूस हे मुख्य पीक नव्हतेच. भाव कोसळल्याचा परिणाम तिथे पोचला असेल, तर तो पिकापेक्षा पतपुरवठ्यातून, हे लेखकाला सांगावे लागते. मग दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात अशी होते : ‘तेजी ओसरताच सावकारांनी हात आखडता घेतला, नेमक्या त्याच सुमारास, 1867 पासून आधी इंदापुरात व पुढे शेजारच्या तालुक्यांत, फेरआकारणीने सारा वाढला.’ पैशाची गरज वाढली आणि कर्ज मिळेनासे झाले, या दोन गोष्टी आता एकाच वाक्यात भिडतात.

दुसरा सांधा अधिक अवघड आहे. सारा सरकारने वाढवला, तर राग सावकाराच्या कागदांवर का निघाला? याचे उत्तर 1859 च्या मुदतीच्या कायद्यात सापडते. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आल्याने सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत आणि त्याच्या बळावर कोर्टातून जमिनीवर हुकूमनामा आणत. शेतकऱ्याच्या हातून जमीन जाण्याचा मार्ग त्या कागदातून जात होता. ही माहिती निबंधात बहुधा असतेच, पण शेवटी ‘इतर कारणे’ या मथळ्याखाली पडलेली. ती उचलून दंग्याच्या आधी आणली की अर्धे काम होते.

जोडवाक्य शक्यतो नव्या परिच्छेदाच्या आरंभी असावे. आधीच्या निष्कर्षाला त्यात अर्धे वाक्य पुरते. ‘वर पाहिल्याप्रमाणे’ची पुनरुक्ती हा उलट दिशेचा दोष आहे. पुराव्यात जो कार्यकारणभाव दिसत नाही, तो ‘म्हणून’ लिहून निर्माण होत नाही. तिथे ‘याच काळात’ एवढेच लिहावे.