पांढरी सुटते तेव्हा

वेल्श भाषेत ‘हिरायथ’ असा एक शब्द आहे. ज्या घरी आता परतता येत नाही, जे घर कदाचित उरलेलंच नाही, त्याची ओढ. ‘हिर’ म्हणजे लांब, दीर्घ; त्यापासून हा शब्द आला असं बहुतेक मानतात. मध्ययुगीन वेल्श कवितेत तो मेलेल्या माणसांसाठीही येतो. विसाव्या शतकात त्याला एक ठळक पत्ता मिळाला. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी वेल्समधल्या त्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधलं आणि 1965 साली कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव शाळा, टपाल कचेरी आणि प्रार्थनाघरासकट पाण्याखाली गेलं.

मराठीत यासाठी एकच नाम शोधायला गेलं की हाताला लागत नाही. ‘हुरहूर’ फार हलका, ‘उमाळा’ येऊन ओसरणारा. आपल्याकडे ही ओढ जागांच्या नावांत साठवलेली आहे, असं मला वाटतं. ‘माहेर’ हा त्यातला सर्वांत ओळखीचा शब्द, मूळचा ‘मातृगृह’. आई गेली की माहेर संपलं असं बायका म्हणतात. घर उभं असतं, तरीही.

दुसरा शब्द ‘पांढरी’, आणि लातूरकडचा माणूस म्हणून मला तो जास्त जवळचा. शेती ती काळी, वस्ती ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चुलींची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचत गेली की जमिनीचा रंगच बदलतो. म्हणून पुरातत्त्ववाले जुन्या वस्तीचा शोध घेताना आधी पांढरीचं टेकाड बघतात. म्हणजे पांढरी आयती मिळत नाही, ती माणसांनी राहून राहून केलेली असते.

ही माती घरावरही चढायची. मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे लाकडी खांब-तुळयांचे खण आणि त्यावर सपाट माळवद. खांडांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर, सगळ्यात वर पांढरी माती, कारण ती पाणी लवकर आत सोडत नाही. पावसाळ्याआधी गळकी जागा बघून वर आणखी माती टाकायची. असं वर्षानुवर्षं चालायचं आणि थर दीड-दोन फुटांपर्यंत जायचा. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, रात्री सगळं घर माळवदावर झोपायचं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, कुठे त्याहून जास्त. पण ती एकसंध भिंत नव्हती. दोन बाजूंना दगडाचे दोन पदर, मध्ये बारीक दगड आणि चिखल. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुधा नसायचे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. भिंतींचे पदर सुटले, आतला दगड झोपलेल्यांवर आला, त्यावर माळवद. सुमारे आठ हजार माणसं गेली. जिथे लाकडी सांगाडा धड होता, तिथे भिंत कोसळूनही कित्येक छपरं खांबांवर तरली आणि खाली माणसं वाचली. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. पण लोकांनी भीती धरली ती दगडाचीच. ते बरोबर नव्हतं, तरी त्यांना नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही.

मग 52 गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 450, सात हेक्टरच्या वर 750. या हिशेबात शेजार कुठेच नव्हता. जुनी आळी वाकडीतिकडी असली तरी एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर हाक पोचायची. नवे रस्ते सरळ, रुंद, एकसारखे. पक्कं घर मिळूनही जुनी माणसं म्हणायची, “करमत नाही.” हिरायथला मी मराठी शब्द सुचवायचा तर हेच क्रियापद सुचवीन. त्यात तक्रार नाही, मागणी नाही. एवढंच की इथे वेळ जात नाही, कारण जीव दुसरीकडे आहे.

हलवलेल्या गावांत तेव्हापासून ‘जुनं गाव’ हे जणू विशेषनाम झालं. दगडांचे ढिगारे, वेड्या बाभळी, मध्येच एखादं देऊळ. पण ‘जुन्या गावाला जाऊन येतो’ असं म्हणताना क्रियापद वर्तमानकाळातच राहतं.

आणि नवं गावठाण? ते बहुतेक ठिकाणी संपादित केलेल्या शेतांवर बसलं, म्हणजे काळीवर. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया नीट खोल घेतला नाही तर भिंतीला तडे जातात. तीस वर्षं उलटून गेली. अंगणं सारवली जातात, राख उकिरड्यावर पडते, पण मोकळ्या प्लॉटमधून पहिल्या पावसात चालत गेलं की चपलेला चिकटते ती अजून काळीच माती.