घंटा, कुत्रा आणि दोन उत्तरे

मानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न आला आहे अशी कल्पना करू : ‘घंटा वाजताच कुत्रा पुढचा पाय उचलतो. हे अभिजात अभिसंधान की साधक अभिसंधान?’ कुत्रा आणि घंटा म्हटले की आपल्याला पावलॉव्ह आठवतात आणि आपण ‘अभिजात’वर खूण करून मोकळे होतो. खरे पाहता, एवढ्या माहितीवर या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही. का, ते समजण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी पावलॉव्ह यांनी दाखवले, की अन्नापूर्वी एखादा चेतक वारंवार दिला तर पुढे त्या चेतकानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. लाळ ही अन्नाची स्वाभाविक प्रतिक्रिया. ती आता अन्नाची वर्दी देणाऱ्या चेतकालाही येऊ लागते. सर्व शिकणे याच एका नमुन्यात बसते, असे तेव्हा अनेकांना वाटत होते.

वॉर्सा येथील येर्झी कोनोर्स्की आणि स्टेफान मिलर या वैद्यकाच्या दोन तरुण विद्यार्थ्यांना मात्र हे पटेना. त्यांनी एक साधा प्रयोग केला. ठरावीक आवाज चालू असताना ते कुत्र्याचा पाय स्वतःच्या हाताने उचलत आणि लगेच त्याला अन्न देत. असे अनेकदा झाल्यावर आवाज ऐकताच कुत्रा आपणहून पाय उचलू लागला. आता पाय उचलणे ही काही अन्नाची स्वाभाविक प्रतिक्रिया नव्हे. अन्न पाहून कुत्रा लाळ गाळतो, पाय उचलत नाही. म्हणजे हे शिकणे वेगळ्या जातीचे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी 1928 साली मांडला. पुढे कोनोर्स्की पावलॉव्ह यांच्या लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेतही जाऊन राहिले, पण हा दुसरा स्वतंत्र प्रकार आहे हे पावलॉव्ह यांनी मान्य केले नाही. अमेरिकेत स्किनर स्वतंत्रपणे अशाच भेदाकडे आले होते. 1937 साली कोनोर्स्की-मिलर यांच्या टीकेला उत्तर देताना त्यांनी, परिणाम घडवून आणणाऱ्या या वर्तनासाठी ‘ऑपरंट’ हा शब्द वापरला. तेच आपले साधक अभिसंधान.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, घंटेनंतर कुत्र्याच्या पायाला विजेचा हलका झटका बसतो आणि त्याने पाय उचलला काय, न उचलला काय, झटका टळत नाही. घंटेलाच पाय उचलला जाऊ लागला, तर ते अभिजात अभिसंधान. पण पाय उचलल्यामुळेच अन्न मिळत असेल तर ते साधक. बाहेरून हालचाल तीच दिसते. फरक आहे तो मांडणीत. म्हणून विचारायचे ते एवढेच : प्राण्याने ती कृती केली नसती, तरी पुढची गोष्ट घडली असती का?

ही कसोटी मांडणी ओळखून देते. पण त्या मांडणीत प्राणी नेमके काय शिकला हे नेहमीच सांगत नाही. 1968 साली ब्राउन आणि जेंकिन्स यांनी कबुतरांपुढची चकती काही सेकंद उजळवून नंतर दाणे दिले. दाण्यांसाठी काहीच करावे लागत नव्हते, तरी कबुतरे चकतीवर चोच मारू लागली. ती ‘बक्षिसासाठी’ चोच मारतात असे कुणालाही वाटले असते. पुढच्याच वर्षी विल्यम्स आणि विल्यम्स यांनी मांडणी उलटी केली. चोच मारली की चकती विझे आणि दाणे मिळत नसत. तरीही कबुतरे पुष्कळदा चोच मारतच राहिली, स्वतःचे नुकसान करून घेत! म्हणजे चोच मारण्यामागे उजेड आणि दाणे यांची जोडी होती, मिळकतीचा हिशेब नव्हे.

हीच कसोटी वर्गातल्या उदाहरणांना लावून पाहू. सुई पाहताच मूल रडते. रडले तरी आणि न रडले तरी सुई टोचलीच जाते, हे अभिजात. दुकानात मूल रडते, कारण रडल्यावर गोळी मिळते आणि न रडल्यास मिळत नाही. हे साधक, त्यातले धन प्रबलन. आता त्याच दुकानातल्या आईकडे पाहू. गोळी दिली की रडणे थांबते, म्हणून पुढच्या वेळी ती अधिकच लवकर गोळी देते. आईच्या दृष्टीने हे ऋण प्रबलन झाले. नकोशी गोष्ट दूर झाल्याने तिचे वर्तन वाढले. त्याला ‘शिक्षा’ म्हणता येणार नाही, कारण शिक्षेने वर्तन कमी होते.

एकाच प्रसंगात दोन उत्तरे बरोबर ठरली, कारण वर्तन कुणाचे हे बदलले. म्हणून प्रश्न सोडवताना, आणि विशेषतः काढताना, कुणाचे वर्तन आणि त्यावर पुढचे काय अवलंबून आहे, हे दोन्ही वाक्यात असावे. घंटा आणि कुत्रा एवढ्यावर गुण देणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे.