शिस्त, मूग आणि तुण्ही

'शिस्त' ऐकताच शास्, शिष्य, शिष्ट ही मंडळी डोळ्यांपुढे येतात. पण शब्द फारसी दिसतो. तिथे 'शस्त' म्हणजे अंगठा, तिरंदाजाची अंगठी आणि नेम. जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरीत, त्यावरून सरळ रांग आणि मग वळण, असा प्रवास झाला असावा. बौद्ध संघाचा शब्द 'विनय' हा 'नी', म्हणजे नेणे, या धातूचा. ख्रिस्ती संत बेनेडिक्टच्या मठातला लॅटिन 'डिसिप्लिना' शिकणाऱ्यावरून आला. पालि विनयपिटक आणि इसवी सनाच्या सहाव्या शतकात इटलीत लिहिलेली बेनेडिक्टची ७३ प्रकरणांची नियमावली शेजारी ठेवली, की शब्द एकमेकांशी बोलू लागतात.

आधी मालमत्ता. (हा जोडशब्दही अरबी 'माल' आणि 'मताअ' यांचा.) बेनेडिक्ट भिक्षूला पुस्तक, लिहायची पाटी, लेखणी यांपैकी काहीच स्वतःचे म्हणू देत नाही. लागेल ते मठाधिपती देईल, आणि बिछान्यांची झडती वरचेवर घेईल. बिछान्यात सापडू नये त्या वस्तूला त्याचा शब्द आहे 'पेकुलिआरे'. रोमन कायद्यात गुलामाने किंवा मुलाने धन्याच्या परवानगीने बाळगलेली पुंजी म्हणजे 'पेकुलिउम', आणि तिच्या मुळाशी 'पेकुस', म्हणजे गुरे. हा आपल्या 'पशु'चा सख्खा भाऊ.

विनयात वस्तू मालकीची असू शकते, मर्यादा मुदतीची असते. जादा चीवर दहा दिवस, तूप-मध यांसारखी औषधे सात दिवस. मुदत टळली की वस्तू 'निस्सग्गिय', म्हणजे निसर्ग करण्याजोगी. निसर्ग म्हणजे इथे सोडून देणे, झाडेडोंगर नव्हेत. चीवर संघापुढे सोडायचे, दोष कबूल करायचा, मग ते परत मिळते. सोन्यारुप्याचे तसे नाही. भिक्षूने ते घेतले तर संघापुढे ठेवायचे. एखादा उपासक आला तर ते त्याला सांगायचे. त्याने तूप किंवा तेल आणले तर सगळ्यांनी घ्यावे, दोषी भिक्षूने मात्र नाही. उपासकाने काही आणले नाही, तर त्यालाच ते फेकायला सांगायचे. तोही तयार नसेल, तर संघ आपल्यातला एक माणूस नेमतो. त्याचे पदनाम 'रूपियछड्डक'. 'रूपिय' म्हणजे रूप्य, आपल्या रुपयाचा पूर्वज, आणि 'छड्ड' हे सांडण्याच्या घरातले दिसते. त्याने ते कुठे पडले याची खूण न ठेवता फेकायचे. खूण ठेवली तर दोष त्याच्याकडे. फेकण्यासाठी अधिकारी नेमणारी आणि तो लोभ, द्वेष, मोह, भय यांपासून दूर असावा असे बजावणारी दुसरी आचारसंहिता मला ठाऊक नाही.

मौनाचे प्रकरण मात्र चकवते. बेनेडिक्टच्या सहाव्या प्रकरणाचा विषयच 'ताकितुर्नितास', म्हणजे कमी बोलणे. जेवताना एक जण वाचतो, बाकीचे हवे ते खुणेने मागतात. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर पाहुण्याची गरज किंवा मठाधिपतीची आज्ञा असल्याशिवाय बोलायचे नाही. उलट विनयात मौनव्रत हा दोष आहे. कोसलातल्या काही भिक्षूंनी भांडण नको म्हणून सबंध वर्षावास न बोलता काढला. बुद्धाने त्यांना सुनावले, की हे जनावरांसारखे राहणे झाले. या व्रताचे नाव 'मूगब्बत', 'मूग' म्हणजे मूक. आपला 'मूग गिळून बसणे' हा वाक्प्रचार इथूनच आला असेल का? मोह होतो, पण महाराष्ट्री प्राकृतात मूकाचे 'मूअ' होते, 'मूग' नव्हे, आणि गिळायला कडधान्यच लागते. तेव्हा तर्क लंगडा. त्या प्रसंगावरून 'पवारणा' सुरू झाली: वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येकाने माझ्याविषयी पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर बोला, अशी विनंती करायची.

आज्ञापालनाकडे वळले की दोन्हीकडे कान सापडतो. बेनेडिक्टच्या नियमावलीचा पहिला शब्दच 'ऑब्स्कुल्टा', ऐक. 'ओबेदिएन्तिया'त 'आउदिरे' (ऐकणे) दडले आहे. संस्कृतात 'शुश्रूषा' म्हणजे ऐकण्याची इच्छा, मग सेवा, आणि मराठीत रुग्णसेवा. विनयात शिष्याने उपाध्यायाची अशी सेवा करायची, पण शिष्य आजारी पडला तर उपाध्यायानेही तितकीच करायची. गुरूच्या मनात चुकीचे मत आले तर शिष्याने ते दूर करायचे, हेही कर्तव्यांच्या यादीत आहे. (हाच 'उपज्झाय' उत्तरेत 'ओझा' झाला.)

मात्र ऐकायचे कोणाचे, यात फरक आहे. बेनेडिक्टचा मठाधिपती मोठ्या प्रश्नावर सगळ्यांना, अगदी धाकट्यालाही, विचारतो आणि निर्णय स्वतः घेतो. संघात उपसंपदेसारख्या कामात ठराव एकदा मांडून तीनदा पुकारतात. मान्य असेल त्याने गप्प राहायचे, नसेल त्याने बोलायचे. या गप्प राहण्याला पालीत 'तुण्ही' म्हणतात, संस्कृत 'तूष्णीम्'. व्रत म्हणून दोष ठरलेले मौन इथे संमती ठरते, आणि तिसऱ्या पुकाऱ्यानंतर कोणी बोलले नाही तर ठराव मंजूर होतो.