जर्नल क्लबच्या स्लाइडवरून चिकित्सक सारांश कसा लिहावा?

वैद्यकीय महाविद्यालयांच्या जर्नल क्लबमध्ये निवासी डॉक्टर एखादा शोधनिबंध स्लाइडच्या साह्याने मांडतो. स्लाइड बोलणाऱ्याच्या आधारासाठी असते. ती तशीच कागदावर उतरवली, तर निष्कर्ष उरतो आणि त्याच्या अटी गळून पडतात. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणी हे त्याचे बोलके उदाहरण. करोनाबाधितांवरील डेक्सामेथासोनच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

स्लाइडवर सहसा एकच ओळ असते : ‘मृत्यूंमध्ये १७ टक्के घट’. सारांश लिहिताना प्रथम मूळ निबंधातील तक्ते उघडावेत. औषध मिळालेल्या २,१०४ रुग्णांपैकी २२.९ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या ४,३२१ रुग्णांपैकी २५.७ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. म्हणजे प्रत्यक्ष फरक शंभरात सुमारे तिघांचा. १७ टक्के ही वयातील तफावत जमेस धरून काढलेली सापेक्ष घट आहे. सारांशात दोन्ही आकडे हवेत.

त्यानंतर चाचणीची रचना नोंदवावी. रुग्णांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने, संगणकाद्वारे झाली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरांना आधी कळत नव्हते. मात्र विभागणीनंतर औषध कोणाला दिले जात आहे, हे उघड होते.

येथे पूर्वग्रहाचा प्रश्न येतो. ‘चाचणी खुली होती’ एवढे लिहून भागत नाही; त्यामुळे निकाल कोणत्या दिशेने झुकू शकतो, हे सांगावे लागते. मृत्यूची नोंद डॉक्टरांच्या मतावर अवलंबून नसल्याने येथे हा धोका कमी आहे. दुसरे असे, की तुलनेच्या गटातील सुमारे ८ टक्के रुग्णांनाही डेक्सामेथासोन मिळाले. त्यामुळे खरा फरक असेल, तर तो मोजणीत थोडा कमीच दिसेल.

सर्वांत महत्त्वाचा भाग मर्यादांचा. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्के झाले. प्राणवायूची गरज नसलेल्यांत मात्र ते औषधाच्या गटात १७.८, तर दुसऱ्या गटात १४ टक्के होते. या गटातील फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून ‘अपाय सिद्ध झाला’ असे लिहू नये, ‘लाभ आढळला नाही, अपायाची शक्यता नाकारता येत नाही’ असे लिहावे. शिवाय चाचणी रुग्णालयात दाखल झालेल्यांवर झाली, मात्रा रोज ६ मिलिग्रॅम आणि कमाल १० दिवस होती. घरी उपचार घेणाऱ्यांना किंवा अधिक मात्रेला हा निष्कर्ष लागू होत नाही.

भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य आजारातही स्टिरॉइड दिली गेली आणि म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हा तज्ज्ञांनी अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टिरॉइडच्या अतिवापराकडेही बोट दाखवले. त्यामुळे सारांशाचे शेवटचे वाक्य ‘औषध गुणकारी आहे’ असे नसावे. ते कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, किती दिवस आणि कोणाला नाही, हे सांगणारे असावे.