केराटिनचं कूळ

भाचीच्या लग्नाला पाच आठवडे राहिले होते, म्हणून तिच्याबरोबर सावेडीतल्या एका पार्लरमध्ये केराटिन ट्रीटमेंटला गेले होते. पार्लरवाल्या मुलीने तिच्या केसांची पातळ बट चिमटीत धरली, त्यावरून प्रेसिंग मशीन फिरवलं, आणि पांढरा धूर वर आला. माझे डोळे चुरचुरले, घसा खवखवला. वास ओळखीचा होता. लहानपणी संगमनेर तालुक्यात आमची पोल्ट्री होती. नवी पिल्लं यायच्या आधी वडील शेडला धुरी द्यायचे. शंभर घनफूट जागेला 40 मिली फॉर्मॅलिन आणि 20 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट असं माप असायचं. पडदे खाली, दारं बंद, आणि आम्हा पोरांना त्या बाजूला फिरकायची सक्त मनाई.

मी बाटली मागून घेतली. फॉर्मॅलिनमधला वायू म्हणजे फॉर्मल्डिहाइड, आणि बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ असं ठळक छापलेलं होतं. त्या दिवसापासून या केराटिनचं कूळ शोधायला लागले.

केराटिन हे केसांतलंच प्रथिन. नखांत, शिंगांत, पिसांतही तेच असतं, आणि शब्दही शिंगाच्या ग्रीक नावावरून आला आहे. बाटलीतल्या क्रीममध्ये त्याचे बारीक तुकडे घालतात, पण केस सरळ होतात ते त्या तुकड्यांमुळे नव्हे. ते काम फॉर्मल्डिहाइड करतं. प्रथिनाच्या दोन साखळ्यांमध्ये ते पूल बांधतं आणि केस ज्या आकारात असेल त्या आकारात त्याला धरून ठेवतं. प्रथिन घट्ट करण्याचा हा गुण 1893 साली फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लूम या डॉक्टरच्या लक्षात आला. ते फॉर्मॅलिन जंतुनाशक म्हणून तपासत होते. काम करता करता आपल्याच बोटांची कातडी कडक झालेली त्यांना दिसली. तिथून फॉर्मॅलिन शरीराचे नमुने टिकवण्याच्या बरण्यांत गेलं.

बरणीतून ते केसांत आलं ब्राझीलमध्ये, साधारण 2000 नंतरच्या वर्षांत. तिथे या प्रकाराचं नाव होतं ‘एस्कोवा प्रोग्रेसिव्हा’. एस्कोवा म्हणजे ब्रश, आणि दर खेपेला केस आणखी सरळ होत जातात म्हणून प्रोग्रेसिव्हा. या नावात केराटिन कुठेच नाही. ब्राझीलच्या नियमांत सौंदर्यप्रसाधन टिकवण्यापुरतं 0.2 टक्के फॉर्मल्डिहाइड चालतं. तेवढ्याने केस सरळ होत नाहीत. म्हणून पार्लरमध्ये वरून फॉर्मॅलिन ओतायची पद्धत पडली, आणि 2009 मध्ये तिथल्या आरोग्य नियामकाला औषधांच्या दुकानांतून ते विकायलाच बंदी घालावी लागली.

नावाचा खेळ उघडा पडला अमेरिकेत. 2010 मध्ये ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना नाकातून रक्त येणं, डोळे झोंबणं, श्वासाला त्रास अशा तक्रारी सुरू झाल्या. वापरात होतं ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ नावाचं उत्पादन, आणि त्यावरही ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’च लिहिलेलं होतं. राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने नमुने तपासले, तर सरासरी आठ टक्क्यांहून जास्त फॉर्मल्डिहाइड निघालं. म्हणजे ब्राझीलच्या मर्यादेच्या निदान चाळीसपट. कंपनीचा बचाव असा होता की बाटलीत आहे ते मिथिलीन ग्लायकॉल. आता फॉर्मल्डिहाइड वायू पाण्यात विरघळला की त्याचं बहुतेक मिथिलीन ग्लायकॉलच होतं, आणि ते पाणी तापवलं की वायू पुन्हा सुटतो. प्रेसिंग मशीन असतं 230 अंशांवर. बाटली उघडताना वास कमी येतो आणि प्रेसिंगला डोळ्यांत पाणी येतं, ते यामुळे.

कर्करोगाचा प्रश्नही खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. पण धोका किती हे किती वेळा आणि किती वेळ हुंगलं यावर ठरतं. भाची वर्षातून दोनदा खुर्चीवर बसेल. मशीन धरणारी ती विशीतली मुलगी एसी लावलेल्या, खिडकी बंद असलेल्या खोलीत रोज उभी असते. मला जास्त काळजी तिची वाटते. तोंडावरचा कापडी मास्क वायू अडवत नाही. उघडी खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा यांनीच काय तो फरक पडतो.

मग बाजारात पुढची पिढी आली, ग्लायऑक्सिलिक ॲसिडची. धूर कमी, म्हणून ‘सेफ’. पण 2024 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणीची हकिकत छापून आली. जून 2020, एप्रिल 2021 आणि जुलै 2022 अशा तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले. तिन्ही वेळा उलट्या, ताप, पाठदुखी झाली, आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाचं काम बिघडलेलं आढळलं. क्रीममध्ये 10 टक्के ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं, आणि लावताना डोक्याची कातडी जळजळली होती. हे ॲसिड शरीरात गेलं की त्याचं ऑक्झलेट बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. तेव्हा ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा डोक्याला जखम, खाज आहे त्यांनी हे करूच नये. करायचंच तर क्रीम मुळापासून अर्धा इंच लांब ठेवायला सांगावं. आणि बाटलीवरचं पुढचं नाव सोडून मागची बारीक यादी वाचावी: फॉर्मॅलिन, मिथेनल, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायऑक्सिलिक ॲसिड.

भाचीने त्या दिवशी अर्ध्यात थांबवलं नाही. अर्धं डोकं झालं होतं. खिडकी मात्र उघडायला लावली.

घरी येताना पार्लरवाल्यांनी 1,800 रुपयांचा ‘केराटिन शॅम्पू’ हातात दिला. तो आम्ही परत केला. शॅम्पूतलं केराटिन धुतल्याबरोबर बहुतेक वाहून जातं, ते काही नवे पूल बांधत नाही. बांधलेले पूल झिजतात ते पाण्याने आणि धुण्याने. म्हणून सगळ्यात जास्त फरक पडतो तो आठवड्यातून चारदा धुण्याऐवजी दोनदा धुतल्याने. शॅम्पू सौम्य हवा. यादीत सुरुवातीलाच सोडियम लॉरिल सल्फेट नको, कोकोअमिडोप्रोपिल बिटेन किंवा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट चालेल. असा शॅम्पू साध्या दुकानातही मिळतो. प्रत्येक वेळी कंडिशनर, पण टोकांना. पहिल्यांदा कधी धुवायचं हे मात्र प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं. काहींना तीन दिवस थांबावं लागतं, काही त्याच दिवशी धुतात. ते पार्लरमध्येच विचारून घ्यावं.

आमच्या घरची खरी अडचण होती बोअरचं पाणी. बादलीला आतून पांढरा थर, साबणाला फेस नाही. अशा पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावला तर क्षाराशी मिळून त्याची चिकट साय केसांवर बसते आणि गुळगुळीतपणा आठवड्यात जातो. भाचीने साबण बंद केला आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्यायला सुरुवात केली.

आजीचं खोबरेल मात्र टिकलं. मुंबईच्या आरती रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना करून दाखवलं की धुण्यातून केसांतलं प्रथिन जातं ते फक्त खोबरेलाने कमी होतं, कारण ते केसाच्या आत शिरतं. अट एकच, तेल अगदी थोडं आणि धुण्याच्या आधी टोकांना. थापून लावलं तर ते काढायला कडक शॅम्पू लागतो, आणि मग सगळंच वाया जातं.

लग्नात तिचे केस छान बसले. तीन महिन्यांनी मुळाशी तीनेक सेंटिमीटर कुरळे केस उगवून आले होते. परवा आरशात ते बोटाने ओढून बघत ती म्हणाली, “मावशी, हे माझेच गं.” पुढच्या खेपेची तारीख तिने अजून घेतलेली नाही.